नेमणूकपत्रातले कलम 17 आणि कामगार न्यायालय

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या चाचणी विभागात मी सप्टेंबर 2017 पासून नोकरीला होते. मे 2024 मध्ये कंपनीने आमच्या प्रकल्पावरच्या काही जणांना ‘मनुष्यबळाची फेररचना’ असे कारण देऊन कमी केले. मला मिळालेल्या पत्रात एका महिन्याचा पगार नोटिशीच्या बदल्यात देत असल्याचे लिहिले होते. नुकसानभरपाईचा त्यात उल्लेखही नव्हता. ग्रॅच्युइटीबद्दल ‘हिशेब पूर्ण झाल्यावर कळवू’ एवढेच होते. मी मेल करून नुकसानभरपाई मागितली, तेव्हा मनुष्यबळ विभागाकडून दोन ओळींचे उत्तर आले: आपल्या नेमणूकपत्रातील कलम 17 पाहावे, त्यानुसार या विषयावर कोणत्याही न्यायालयात अथवा शासकीय कार्यालयात जाता येणार नाही.

कलम 17 मी पाहिले. नोकरीसंबंधी निर्माण होणारा ‘कोणताही व प्रत्येक’ वाद कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी नेमलेल्या एकमेव लवादाकडे जाईल, लवादाचे स्थान बेंगळुरू असेल, कामकाज इंग्रजीत चालेल, खर्च दोन्ही पक्ष निम्मा-निम्मा सोसतील, आणि लवादाचा निवाडा अंतिम असेल, असे त्यात होते. रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात संगणकाच्या पडद्यावर सही करून मी हे पत्र परत पाठवले होते. त्यात बदल सुचवण्याची सोय नव्हती, आणि ती असती तरी नवी नोकरी लागलेल्या माणसाने ती वापरली असती असे मला वाटत नाही.

पुण्यात अनेक वर्षे कामगार न्यायालयात काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे मी कागद घेऊन गेले. लवादाचे कलम बेकायदा आहे असे त्या म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. तसे त्या म्हणाल्या नाहीत. न्यायालयात जायला मनाई करणारा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम 28 ने रद्दबातल ठरतो, पण वाद लवादाकडे नेण्याच्या कराराला त्याच कलमात अपवाद दिलेला आहे, त्यामुळे नुसते ‘कोर्टाचा हक्क काढून घेतला’ असे ओरडून काही होत नाही, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी मला उलट दोन प्रश्न विचारले. पहिला, तुम्ही कंपनीत नेमके काय काम करत होता? दुसरा, तुम्ही जे मागता आहात ते नेमणूकपत्रातून मागता की कायद्यातून? पुढचे सगळे प्रकरण या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर चालले, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

माझे पद ‘लीड – क्वालिटी’ असे होते. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, 1947 च्या कलम 2(एस) मध्ये ‘कामगार’ कोण याची व्याख्या होती. शारीरिक, कुशल, अकुशल, तांत्रिक, कार्यवाहीविषयक, कारकुनी किंवा पर्यवेक्षणाचे काम करणारा तो कामगार. पण प्रामुख्याने व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय पदावर असलेला मनुष्य त्यातून वगळलेला आहे, आणि पर्यवेक्षकाचा पगार महिन्याला दहा हजारांच्या वर असला तर तोही तेव्हा वगळलेला होता. आमच्या क्षेत्रात एक समज पक्का बसलेला आहे की पगार दहा हजारांच्या वर गेला की माणूस कामगार उरत नाही. मर्यादा आहे ती फक्त पर्यवेक्षकाला. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची कोणतीही मर्यादा नाही. शिवाय पदाचे नाव काय छापले आहे यापेक्षा माणूस मुख्यतः काय काम करत होता हे बघायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलेले आहे.

मी चाचणीचे टप्पे लिहीत होते, ते चालवत होते, दोष नोंदवत होते. माझ्याबरोबर दोन कनिष्ठ मुली होत्या, पण त्यांची रजा मंजूर करण्याचा, त्यांचे मूल्यमापन करण्याचा किंवा त्यांना कामावरून काढण्याचा अधिकार मला कधीच नव्हता. माझ्या स्वतःच्या एका दिवसाच्या रजेलाही प्रकल्प व्यवस्थापकाची मंजुरी लागत असे. वकीलबाईंनी हे सगळे तपशिलात लिहून घेतले आणि मग एक सूचना दिली, जी मला त्या वेळी अनावश्यक वाटली होती. कंपनीच्या प्रणालीतली कोणतीही नोंद, दोषांची यादी किंवा ग्राहकाचे नाव असलेला कागद स्वतःकडे घेऊ नका, असे त्या म्हणाल्या. आपल्याकडे असलेली मूल्यमापनाची पत्रे, पगाराच्या पावत्या आणि रजेच्या मंजुरीचे मेल पुरेसे आहेत. बाकीचे कागद हजर करण्याचा आदेश न्यायालयाकडून मागता येतो. गोपनीयतेचा भंग केला म्हणून उलट दावा लावायची संधी कंपनीला देऊ नये, हा त्यामागचा हिशेब होता. पुढे आलेल्या लवादाच्या नोटिशीत गोपनीयतेचा मुद्दा खरोखरच होता. फक्त त्याला धरायला एकही कागद नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे निघाले. नेमणूकपत्रात नुकसानभरपाईचा शब्दही नव्हता. मी मागत होते ते कायद्याच्या कलम 25-एफ खालचे होते. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार द्यावा लागतो, आणि प्रत्येक पूर्ण वर्षासाठी, तसेच सहा महिन्यांहून अधिक भरलेल्या उरलेल्या काळासाठी, पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. हे कमी करण्याच्या वेळीच द्यायचे असते. नंतर केव्हातरी नव्हे. माझी नोकरी सहा वर्षे आठ महिने झाली होती, म्हणजे हिशेबाला सात वर्षे. महिन्याचा पगार सत्तर हजार. पंधरा दिवसांचे पस्तीस हजार, गुणिले सात, म्हणजे 2,45,000 रुपये. एवढी रक्कम न देता काढले असेल तर ती कपात मुळातच बेकायदा ठरते आणि कामावर परत घेण्याची मागणी करता येते. ती मिळेलच असे नाही, न्यायालय त्याऐवजी ठरावीक रक्कमही देऊ शकते.

याउलट, लवादापुढे गेलो असतो तर तिथे मिळण्यासारखे काय होते हेही त्यांनी दाखवले. व्यक्तिगत सेवेचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही, हे दिवाणी कायद्याचे जुने तत्त्व आहे. करारावर बसलेला लवाद फार तर नोटिशीचा पगार आणि थोडी भरपाई देऊ शकला असता. आणि खर्च? लवाद अधिनियमाच्या चौथ्या परिशिष्टात पाच लाखांपर्यंतच्या वादासाठी नमुन्यादाखल 45,000 रुपये मानधन दिलेले आहे, एकमेव लवाद असेल तर त्यावर पंचवीस टक्के जादा. म्हणजे 56,250 रुपये, त्यातले निम्मे माझ्या वाट्याला. अडीच लाखांच्या आतल्या मागणीसाठी अठ्ठावीस हजार आधी भरायचे, आणि वर बेंगळुरूचे येणेजाणे. कामगार न्यायालयात अशा मागणीला न्यायालयीन शुल्क लागत नाही.

जूनमध्ये मी कामगार आयुक्तांच्या पुण्यातल्या कार्यालयात समेट अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला. कलम 2-ए नुसार एकट्या कामगाराला काढून टाकण्याचा वादही औद्योगिक विवाद मानला जातो, त्याला संघटनेचा पाठिंबा लागत नाही, आणि अर्जानंतर पंचेचाळीस दिवस उलटले की शासनाने प्रकरण पाठवण्याची वाट न पाहता थेट कामगार न्यायालयात जाता येत होते. तेव्हा मुदत काढल्याच्या तारखेपासून तीन वर्षांची होती. महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे: 1971 च्या कामगार संघटनांना मान्यता व अनुचित श्रमिक प्रथा प्रतिबंधाच्या कायद्याखाली नव्वद दिवसांत तक्रार करता येते. पण एकाच कारणासाठी दोन्ही वाटा धरता येत नाहीत. माझ्या बाबतीत ‘तुम्ही कामगारच नाही’ हा वाद होणार हे दिसत होते आणि पुराव्याला वेळ लागणार होता, म्हणून वकीलबाईंनी 1947 च्या कायद्याची वाट निवडली.

समेटाच्या कामकाजात वकिलाला पक्षकाराच्या वतीने उभे राहता येत नाही, त्यामुळे तिथे मलाच बोलावे लागले. कंपनीच्या वतीने मनुष्यबळ विभागाचे एक गृहस्थ आले. त्यांनी बसल्या बसल्या एक पत्र पुढे केले: नेमणूकपत्रात लवादाची तरतूद असल्याने या कार्यालयाला अधिकार नाही, सबब अर्ज निकाली काढावा.

समेट अधिकाऱ्यांनी ते पत्र शांतपणे वाचले आणि विचारले, “साहेब, पैसे द्यायचे आहेत का नाही, एवढे सांगा. अधिकार आहे की नाही हे ठरवायला मी बसलेलो नाही.”

“आमचे म्हणणे पत्रात आहे.”

“मग तसे नोंदवतो. मॅडम, तुमचे काय म्हणणे आहे?”

मी लिहून नेलेले वाचून दाखवले. एवढेच. समेट अधिकारी निवाडा देत नाहीत. दोघांना समोरासमोर बसवून तडजोड होते का पाहणे आणि न झाल्यास तसे नोंदवणे हे त्यांचे काम. अनेकांचा इथे विरस होतो, कारण सरकारी अधिकाऱ्याने कंपनीला झापावे अशी अपेक्षा असते. पण त्या रोजनाम्याचा पुढे मला फार उपयोग झाला. कंपनीला संधी देऊनही तिने रकमेबद्दल एक अक्षर काढले नाही, फक्त लवादाकडे बोट दाखवले, हे सरकारी कागदावर आले.

त्या पंचेचाळीस दिवसांच्या आतच बेंगळुरूहून लवादाची नोटीस आली. कंपनीनेच वाद लवादाकडे नेला होता: माझी काहीही रक्कम देणे नाही असे जाहीर करावे आणि प्रशिक्षणावर झालेला खर्च व गोपनीयतेच्या भंगाची भरपाई माझ्याकडून मिळावी, अशी मागणी होती. नेमलेले गृहस्थ निवृत्त वकील होते. नोटिशीसोबत त्यांच्या निःपक्षपातीपणाचे निवेदन आणि एक छोटा अर्ज जोडलेला होता, ज्यावर ‘या नेमणुकीस माझी हरकत नाही’ असे छापले होते आणि खाली सहीची जागा.

वकीलबाईंनी त्या अर्जावर लाल पेन्सिलीने फुली मारली. लवाद आणि समेट अधिनियम, 1996 मध्ये 2015 साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 12(5) आणि सातवे परिशिष्ट आले आहे. ज्याचा वादातल्या पक्षाशी नोकरीचा, सल्ल्याचा किंवा तशा प्रकारचा संबंध आहे तो लवाद होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात त्याच्या पुढचे पाऊल टाकले: ज्याला वादाच्या निकालात स्वारस्य आहे त्याला स्वतः लवाद होता येत नाही तसे दुसऱ्या कोणाला एकमेव लवाद म्हणून नेमताही येत नाही. म्हणजे व्यवस्थापकीय संचालकांनी केलेली नेमणूक मुळातच लंगडी होती. पण या दोषावर पांघरूण घालायची एक सोय कायद्यातच आहे: वाद उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी आणि स्पष्ट शब्दांत हरकत सोडून दिली, तर नेमणूक टिकते. तो छोटा अर्ज म्हणजे तेच पांघरूण होते. लोक त्याला पोच समजून सही करतात.

नोटिशीकडे दुर्लक्ष करणे हाही पर्याय नव्हता. गैरहजर राहिले तर लवाद एकतर्फी कामकाज चालवू शकतो, आणि निवाडा झाल्यावर तो रद्द करून घ्यायला बेंगळुरूच्याच न्यायालयात धाव घ्यावी लागते. म्हणून आम्ही लेखी हरकत पाठवली. तिच्यात तीन गोष्टी होत्या: हा औद्योगिक विवाद असल्याने लवादाकडे नेता येत नाही, तसे नसते तरी ही नेमणूक एकतर्फी आहे, आणि हे पत्र केवळ हरकत नोंदवण्यासाठी असून कामकाजात भाग घेतल्याचे मानू नये. वादाच्या गुणदोषांवर त्यात एक वाक्यही नव्हते. अधिकारक्षेत्राची हरकत बचावाचे निवेदन देण्यापूर्वी किंवा फार तर देताना घ्यावी लागते, आधी बचाव मांडून मग हरकत घेतली तर ती उशिराची ठरते. त्या गृहस्थांनी सभ्यपणे एक बैठक घेतली, हरकत नोंदवली आणि कामगार न्यायालयात काय होते ते पाहू, असे म्हणून काम पुढे ढकलले. सगळेच लवाद इतके समंजस असतील असे गृहीत धरू नये.

सप्टेंबरमध्ये कामगार न्यायालयात मागणीचे निवेदन दाखल झाले. कंपनीच्या वकिलांनी कैफियत, म्हणजे माझ्या मागणीला लेखी उत्तर, दिलीच नाही. त्याऐवजी 1996 च्या कायद्याच्या कलम 8 खाली अर्ज दिला, सोबत नेमणूकपत्राची प्रमाणित प्रत. हे कलम असे की लवादाचा करार असलेला वाद न्यायिक प्राधिकरणापुढे आला आणि पक्षकाराने वादाच्या विषयावर आपले पहिले निवेदन देण्याआधी किंवा देतानाच मागणी केली, तर प्राधिकरणाने तो लवादाकडे पाठवायचा असतो. त्यामुळे कंपनीच्या वकिलांनी कैफियत राखून ठेवली होती ती आळसाने नव्हे. कैफियत आधी गेली असती तर हा अर्जच हातचा गेला असता.

या अर्जावर दोन्ही बाजूंचा युक्तिवाद मी मागच्या बाकावर बसून ऐकला. कंपनीचे म्हणणे साधे होते: करार आहे, सही आहे, कलम 8 मध्ये ‘पाठवावे’ असे म्हटले आहे, मग न्यायालयाला वेगळा विचार करायला जागाच कुठे आहे?

आमच्या बाजूने वकीलबाईंनी 1996 च्याच कायद्याचे कलम 2(3) वाचले. जे वाद दुसऱ्या एखाद्या कायद्यामुळे लवादाकडे नेता येत नाहीत, त्या कायद्याला हा भाग बाधा आणत नाही, असे ते कलम सांगते. मग त्यांनी 1947 च्या कायद्याचे कलम 10-ए काढले. औद्योगिक विवादातही लवाद असू शकतो, पण तो वेगळ्या तऱ्हेचा: वाद निर्माण झालेला असला किंवा होण्याच्या बेतात असला पाहिजे, मालक आणि कामगार यांनी ठरावीक नमुन्यात लेखी करार केला पाहिजे, त्याची प्रत शासनाला आणि समेट अधिकाऱ्याला गेली पाहिजे आणि तो राजपत्रात छापला गेला पाहिजे. रुजू होताना, सात वर्षांनी काय वाद होईल हे कोणालाच माहीत नसताना, एका बाजूने छापून दिलेले कलम 17 यात कुठेच बसत नाही. कायदेमंडळाने औद्योगिक विवादासाठी लवादाची स्वतंत्र रीत घालून दिली असताना खासगी करारातल्या लवादाने तिला बगल देता येणार नाही, हा त्या युक्तिवादाचा गाभा होता.

हा मुद्दा नवा नव्हता. किंगफिशर एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी थकलेल्या पगारासाठी मुंबईच्या कामगार न्यायालयात अर्ज केले तेव्हा कंपनीने असाच कलम 8 चा अर्ज दिला होता, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2012 मध्ये तो नाकारला जाणे योग्य ठरवले होते. औद्योगिक विवाद अधिनियमाने दिलेले हक्क त्याच कायद्याने नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे मागायचे असतात, ते खासगी लवादाकडे पाठवता येत नाहीत, असे त्या निर्णयाचे सार. पुण्याच्या कामगार न्यायालयावर तो बंधनकारक होता. त्यामागे आणखी जुना धागा आहे: सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये मुंबईच्याच प्रीमियर ऑटोमोबाइल्स प्रकरणात म्हटले होते की हक्क फक्त औद्योगिक विवाद अधिनियमातून आला असेल तर दिवाणी न्यायालयातही जाता येत नाही, त्या कायद्याचीच वाट धरावी लागते. दिवाणी न्यायालयाला जिथे शिरकाव नाही, तिथे दिवाणी न्यायालयाच्या जागी बसणाऱ्या खासगी लवादाला कसा मिळेल, असा प्रश्न वकीलबाईंनी केला. त्यावर कंपनीच्या वकिलांनी उत्तर दिले नाही. ते पुन्हा सहीकडे वळले.

कंपनीचा कलम 8 चा अर्ज प्रलंबित असताना डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय आला, जो आमच्या प्रकरणावर जवळजवळ मापाने शिवल्यासारखा बसला. चेन्नईजवळच्या ह्युंदाई ऑटोएव्हर इंडिया या कंपनीतल्या एका सहायक व्यवस्थापकाला 2021 मध्ये काढण्यात आले होते. त्याने वेतन प्रदान अधिनियमाखाली आणि औद्योगिक विवाद अधिनियमाखाली दाद मागितली. कंपनीने आपणहून लवाद नेमला, आणि पुढे लवाद नेमून द्यावा म्हणून मद्रास उच्च न्यायालयात अर्ज केला. उच्च न्यायालयाने तो मंजूरही केला. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, पगाराचा आणि काढून टाकण्याचा वाद लवादाकडे जाण्याजोगा नाही असे सांगितले, गोपनीयतेच्या भंगाचा मुद्दा मागाहून सुचलेला असल्याचे म्हटले, आणि कायद्याच्या प्रक्रियेचा गैरवापर केल्याबद्दल कंपनीने कर्मचाऱ्याला पाच लाख रुपये खर्चापोटी द्यावेत असा आदेश केला. त्याच्या आधीच्या महिन्यात घटनापीठाने एकतर्फी नेमलेल्या एकमेव लवादाबद्दलही निर्णय दिला होता: अशी तरतूद पक्षकारांच्या समान वागणुकीच्या तत्त्वाविरुद्ध आहे.

2025 च्या मध्यास कामगार न्यायालयाने कलम 8 चा अर्ज फेटाळला. आदेश मोठा नव्हता. त्यात एक वाक्य मात्र असे होते की ज्यामुळे आमचा आनंद आटोपशीर राहिला: अर्जदार ‘कामगार’ आहे किंवा नाही हा मुद्दा पुराव्यानंतर ठरवला जाईल. न्यायालयाने मी कामगार आहे असे गृहीत धरले नव्हते. तसा प्रथमदर्शनी दावा आहे आणि तो तपासण्याचा अधिकार लवादाला नसून या न्यायालयाला आहे, एवढेच म्हटले होते. म्हणजे पुराव्यात मी व्यवस्थापकीय पदावर होते असे सिद्ध झाले, तर कामगार न्यायालयाचे दार बंद होईल आणि कलम 17 पुन्हा जिवंत होईल.

ते जिवंत झाल्यावर काय होते, हे मी एका सहकाऱ्याच्या बाबतीत पाहिले आहे. तो त्याच फेरीत गेला. त्याच्या हाताखाली बारा जण होते, रजा आणि मूल्यमापन तो मंजूर करत असे, नव्या माणसांच्या निवडीत त्याची सही लागत असे. तो कामगार नाही याबद्दल त्याच्या वकिलांना शंका नव्हती. त्याने थकलेल्या प्रोत्साहनभत्त्यासाठी पुण्यात दिवाणी दावा लावला, आणि कंपनीचा कलम 8 चा अर्ज तिथे मंजूर झाला. त्याच्या बाबतीत हक्क करारातूनच आलेला होता, आणि तो वाद लवादाकडे जाण्यात कायद्याची आडकाठी नव्हती. त्याला एवढेच करता आले की एकतर्फी नेमणुकीला हरकत घेऊन त्याने बेंगळुरूच्या उच्च न्यायालयाकडून कलम 11 खाली तटस्थ लवाद नेमून घेतला. माणूस बदलला, वाट तीच राहिली. लवादाचे कलम नसते तरी त्याची फार सोय झाली असती असे नाही, कारण ‘फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात’ अशी अट खासगी नोकरीच्या करारात चालते, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये एका खासगी बँकेच्या प्रकरणात म्हटले आहे.

ग्रॅच्युइटी मात्र आम्हा दोघांनाही सारख्याच वाटेने मिळाली. ग्रॅच्युइटीच्या तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या कायद्यात कामगार आणि व्यवस्थापक असा भेद नव्हता, आणि त्याच्या कलम 14 नुसार कोणत्याही कराराच्या वर तो कायदा चालत असे. माझे मूळ वेतन बेचाळीस हजार होते. इथे महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणून 42,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले सात वर्षे: 1,69,615 रुपये. देय झाल्यापासून तीस दिवसांत ही रक्कम द्यायची असते. कंपनीने दिली नाही तेव्हा मी नियंत्रक प्राधिकाऱ्यांकडे नमुना ‘एन’ मध्ये अर्ज केला. तिथेही आधी कलम 17 चे पत्र आले, पण पहिल्याच तारखेला प्राधिकाऱ्यांनी कलम 14 वाचायला सांगितल्यावर पुढच्या तारखेला कंपनीने धनादेश आणला. उशिराच्या व्याजासाठी आणखी एक तारीख लागली.

सध्या माझी उलटतपासणी सुरू आहे. कंपनीचे वकील माझ्या पदातल्या ‘लीड’ या शब्दाभोवती फिरत आहेत: दोन मुलींना काम कोण वाटून देत असे, त्यांच्या कामातली चूक कोण दाखवत असे, बैठक कोण बोलावत असे. मी आहे ते सांगते. काम वाटून देत होते, चूक दाखवत होते. रजा, मूल्यमापन, पगार यांपैकी काही माझ्या हातात नव्हते. कंपनीने हजर केलेल्या रजेच्या नोंदीतही मंजुरी देणाऱ्याच्या रकान्यात प्रकल्प व्यवस्थापकाचेच नाव आहे.

दरम्यान 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली. नव्याने काढल्या जाणाऱ्यांना तिचे नियम बघावे लागतील: पर्यवेक्षकाची पगारमर्यादा आता अठरा हजार आहे, आणि वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर समेट अधिकारी तो हाती घेत नाहीत, त्यामुळे पूर्वीच्या तीन वर्षांच्या भरवशावर थांबून चालणार नाही. वाद निर्माण झाल्यावर दोघांनी मिळून लेखी कराराने लवाद निवडण्याची तरतूद संहितेतही, कलम 42 मध्ये, ठेवलेली आहे. त्याच फेरीत गेलेल्या आणखी एका सहकाऱ्याने अजून अर्ज केलेला नाही; त्याला मी परवा समेट अधिकाऱ्यांकडच्या अर्जाचा नमुना पाठवला आणि लवादाकडून काही कागद आला तर सही करण्याआधी फोन कर, असे कळवले.